अण्णांची घरची कटिंग

बाजारपेठेतल्या सलूनची खुर्ची म्हाताऱ्या माणसासाठी बनवलेली नसते. ती उंच असते, पाय ठेवायची पट्टी लोखंडी आणि घसरडी असते, आणि तिच्यापर्यंत पोचायला दुकानाच्या दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. रविवारी सकाळी गर्दी असते, नंबर येईपर्यंत बाकावर ताटकळावं लागतं. पन्नाशीतल्या माणसाला यातलं काही जाणवत नाही. पंचाहत्तरीनंतर मात्र महिन्याची फेरी दोन महिन्यांवर जाते, मग सोबतीला कुणीतरी लागतं, आणि एके दिवशी वडील म्हणतात, "राहू दे, आता कोण बघतंय मला." केस कानांवर येतात, घामाने मानेला चिकटतात, उशीवर डोकं टेकलं की टोचतात. मग घरातलं कुणीतरी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन पुढे सरसावतं, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

खरं तर घरी केस कापणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी धोकटी घेऊन दारी यायचा आणि ओसरीवर किंवा अंगणातच काम उरकायचा. त्या पद्धतीतली एक गोष्ट आजही उपयोगी आहे. बसणारा जागेवर असायचा आणि कापणारा त्याच्या सोयीने उकिडवा बसायचा, उठायचा, मागे जायचा. सलूनमध्ये याच्या उलट घडतं. तिथे खुर्ची फिरते, डोकं इकडे-तिकडे वळवलं जातं, मान खाली दाबली जाते. तरुण मानेला ते चालतं. म्हाताऱ्या मानेला चालत नाही, आणि घरच्या कटिंगचं निम्मं कौशल्य एवढं ओळखण्यात आहे.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. वडील ८२ वर्षांचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आता काठी घेऊन घरात चालतात, पण डावा हात अजून नीट उचलत नाही. मान थोडी पुढे झुकलेली आहे. उजव्या कानामागे श्रवणयंत्र आहे. हृदयाच्या औषधांत रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. टाळूवर केस विरळ, कानांच्या बाजूला आणि मागे मात्र दाट. कापणार आहे त्यांची लेक, जिने आजवर कात्री धरली ती शिवणाच्या कपड्यावर. असे अण्णा प्रत्येक आळीत एखादे तरी सापडतील.

वेळ ठरवताना लेकीने आधी अण्णांचं पंचांग विचारात घेतलेलं बरं. शनिवारी, अमावास्येला किंवा जन्मवारी केस कापायचे नाहीत असं त्यांनी आयुष्यभर पाळलं असेल, तर बारा वर्षांच्या नातवाला विज्ञान शिकवण्याची ती वेळ नव्हे. वार त्यांचा, तास आपला. नाश्ता होऊन तासभर झालेला असावा, सकाळच्या गोळ्या घेऊन झालेल्या असाव्यात, आणि अंघोळ व्हायची असावी. कटिंग झाली की अंघोळ हा जुना रिवाज इथे नेमका कामाला येतो. मानेवरचे आणि कानामागचे बारीक केस पुसून कधीच पूर्ण निघत नाहीत, ते पाण्यानेच जातात. ज्यांना कंपवाताचा त्रास आहे त्यांच्या बाबतीत घड्याळ जास्त काटेकोर लागतं. गोळीचा असर चांगला असेल आणि हातपाय मोकळे असतील, त्याच तासात बसवावं. ती वेळ कोणती हे घरच्यांना ठाऊक असतं.

आता खुर्ची. घरात सहज हाताशी येणारी तीन आसनं इथे नापास होतात. सोफा खोल असतो. त्यात माणूस रुततो, गुडघे कमरेच्या वर जातात आणि मानेच्या मागे हातच पोचत नाही. स्टुलाला हात नसतात, पाठ नसते, आणि एका बाजूने कमजोर असलेला माणूस त्यावरून कधी कलंडेल सांगता येत नाही. हलकी प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर वजन एका बाजूला गेलं की पाय फाकवते. उरते ती लाकडी, हातवाली, चार पायांवर घट्ट उभी राहणारी खुर्ची. तिची पाठ फार तर खांद्याच्या हाडांपर्यंत यावी. जेवणाच्या टेबलाच्या काही खुर्च्यांची पाठ डोक्यापर्यंत जाते, आणि मग मानेवरचे केस तिच्या आड दडतात.

उंची मोजायला फूटपट्टी लागत नाही. कंबर मागे टेकवून बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला लागले आणि गुडघे काटकोनात राहिले, की उंची बरोबर. पाय लोंबकळत असतील तर माणूस नकळत पुढे घसरतो, आणि पुढे घसरला की मान वाकडी होते. अशा वेळी पायाखाली पाट द्यावा, पण उठण्याआधी तो काढायची आठवण ठेवावी. लाकडी बैठकीवर गोधडीची एक घडी टाकावी. ज्यांच्या बुडावरचं मांस झडलेलं आहे त्यांना कडक लाकूड दहा मिनिटांत बोचू लागतं, ते सारखे चुळबुळ करतात, आणि आपल्याला वाटतं की त्यांना कटिंगचा कंटाळा आला.

अण्णांसाठी आणखी एक उशी लागते. ती डाव्या अंगाला, शरीर आणि खुर्चीचा हात यांच्यामध्ये. पक्षाघातानंतर माणूस कमजोर बाजूला हळूहळू कलतो, त्याला स्वतःला ते कळत नाही, आणि कापणाऱ्याची रेघ मात्र तिरकी जाते. डावा हात मांडीवर दुसऱ्या छोट्या उशीवर ठेवावा. तो खाली लोंबकळत राहिला तर खांदा दुखतो, आणि बसवताना त्या हाताला धरून ओढणं तर पूर्णपणे टाळावं. चाकाची खुर्ची असेल तर दोन्ही ब्रेक लावावेत, पायपट्ट्या बाजूला कराव्यात आणि पाय जमिनीवर टेकवावेत.

खुर्ची मांडायची कुठे, तर न्हाणीघरात नको. ओली फरशी, अंधार आणि दाटी या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र असतात. बाहेरच्या खोलीत, खिडकीचा उजेड बाजूने येईल पण ऊन डोळ्यांवर येणार नाही अशी जागा बघावी. खुर्चीच्या चारही बाजूंनी माणूस फिरू शकेल एवढी मोकळी जागा हवी. भिंतीला टेकवलेली खुर्ची सुरक्षित वाटते, पण मग मागचे केस कापायला अण्णांना पुढे वाकवावं लागतं. पंखा बंद, नाहीतर कापलेले केस सगळ्यांच्या डोळ्यांत जातात. खाली वर्तमानपत्रं पसरायची सवय अनेकांना असते, मात्र फरशीवरचा कागद पायाखालून सटकतो. कागद खुर्चीच्या मागे आणि बाजूंना पसरावा. समोर, जिथून अण्णा येणार-जाणार, तिथे काही पसरू नये.

मानेचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण घरच्या कटिंगमधला खरा धोका कात्रीत कमी आणि मानेत जास्त आहे. १९९३ साली मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकी डॉक्टरांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पार्लरमध्ये केस धुण्यासाठी बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून बसल्यानंतर त्यांना मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित त्रास झाला होता. मानेच्या मणक्यांमधून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. मान फार मागे वाकली किंवा पिळली गेली, तर त्यांच्यावर ताण येऊ शकतो. 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नाव तिथून रूढ झालं. असा प्रकार क्वचितच घडतो, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण मणके झिजलेल्या आणि आधीच एक झटका येऊन गेलेल्या माणसाची मान मागे टाकायची नाही, एवढा बोध पुरेसा आहे. केस धुवायचे असतील तर पुढे वाकून किंवा नेहमीच्या अंघोळीत धुवावेत.

पुढे झुकलेल्या मानेलाही हाच नियम लागू आहे. हनुवटीखाली बोटं घालून ती वर ढकलू नये. अण्णांची मान जिथे आहे तिथेच राहील, लेक खाली बसेल. मानेवरचे केस कापताना ती मागे छोट्या स्टुलावर बसली, की डोळे आणि कात्री बरोबर केसांच्या पातळीला येतात. डोकं थोडं वळवायचंच असेल तर अण्णांना सांगावं, "अण्णा, जरा खिडकीकडे बघा." स्वतःहून जेवढं वळेल तेवढंच खरं. दुसऱ्याच्या हाताने वळवलेली मान आखडते, आणि आखडलेल्या मानेवर कात्री कधीच सरळ चालत नाही.

आता अंगावरचं कापड. सलूनसारखा नायलॉनचा झगा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पण घरासाठी तो फारसा कामाचा नाही. त्यात घाम येतो, तो चरचर वाजतो, आणि गळ्याला त्याची पट्टी बोचते. जुनं मऊ धोतर किंवा सुती लुगडं दुहेरी करून घ्यावं. फिकट रंगाच्या कापडावर काळे केस दिसतात, पांढरे केस गडद कापडावर. अण्णांचे केस पांढरे, म्हणून कापड गडद निळं किंवा विटकरी असलं तर किती कापले गेले हे कळत राहतं.

क्रम असा: आधी सदरा काढून गंजीवर बसवावं किंवा पुढून बटणं असलेला जुना सदरा घालावा. डोक्यावरून काढायचा कपडा नको, कारण नंतर तो काढताना सगळे केस तोंडावर येतात. मग मऊ सुती फडक्याची चार बोटं रुंद पट्टी गळ्याभोवती गुंडाळावी, तिच्यावरून धोतर घ्यावं, आणि पट्टीची वरची कड धोतरावर उलटी दुमडावी. केस आत जातात ते या फटीतून, ती बंद झाली की काम झालं. मागे गाठ मारू नये, सेफ्टी पिन तर नकोच. कपडे वाळत घालायचा चिमटा लावावा, म्हणजे गरज पडली तर एका झटक्यात कापड सुटतं. गळा आणि कापड यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. मान पुढे झुकलेल्या माणसाला गळ्यापाशी थोडंसं घट्टही गुदमरल्यासारखं होतं.

हात कापडाच्या आत ठेवायचे की बाहेर, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. ज्यांना विस्मृतीचा आजार आहे त्यांना हात झाकले की बांधून ठेवल्यासारखं वाटतं, ते घाबरतात, कापड ओढतात. अशांचे हात बाहेर ठेवावेत आणि हातात रुमाल किंवा जपमाळ द्यावी. अण्णांचा उजवा हात बाहेर, खुर्चीच्या हातावर. तो हात उचलला की लेकीने कात्री थांबवायची, असं आधी ठरवून टाकावं. ही खूण आणखी एका कारणासाठी लागते. श्रवणयंत्र कटिंगच्या वेळी काढावं लागतं, कारण त्याच्या बारीक छिद्रात केस गेले की ते बिघडतं आणि कात्री लागली तर नळी तुटते. पण यंत्र काढलं की अण्णांना ऐकू येत नाही, आणि मागून अचानक कात्रीचा गार स्पर्श झाला की ते दचकतात. म्हणून सगळं सांगून, समजावून झाल्यावरच यंत्र काढायचं, डबीत ठेवायचं, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या बाजूला जाताना आधी खांद्यावर तळहात ठेवायचा. चष्माही तेव्हाच काढावा.

कात्री लावण्याआधी दोन मिनिटं फक्त कंगवा फिरवावा आणि डोकं बघावं. टाळूवर मस, खपली, उंचवटा कुठे आहे हे केसांखाली दिसत नाही, आणि कात्री नेमकी तिथेच अडकते. बरेच आठवडे न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवावी. केस विंचरताना कानशिलापाशी नव्यानेच दुखू लागलं असेल आणि त्यासोबत डोकेदुखी, चावताना जबड्यात कळ किंवा दिसण्यात फरक असं काही असेल, तर कटिंग बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार पन्नाशीनंतर होतो, आणि उपचाराला उशीर झाला तर त्यात नजर जाऊ शकते.

कात्री कोणती, याचं उत्तर सोपं आहे: केसांचीच. साडेपाच ते सहा इंचांची, सलूनच्या सामानाच्या दुकानात मिळणारी. स्वयंपाकघरातली कात्री दुधाच्या पिशव्या कापून बोथट झालेली असते. तिच्या पात्यांत म्हाताऱ्या माणसाचा बारीक केस कापला न जाता दुमडतो आणि ओढला जातो. अण्णा "आई गं" करतात ते यामुळे. कात्रीची परीक्षा घ्यायला पातळ कागदी रुमाल ओला करून कापून बघावा. सरळ कापला गेला तर कात्री चांगली. चुरगळून पात्यांत अडकला तर ती केसांना लावू नये. त्याच दुकानातून एक चपटा, एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला रुंद दातांचा कंगवा घ्यावा. कानांभोवती वापरायला गोल टोकांची छोटी कात्री औषधाच्या दुकानात मिळते.

धरायची पद्धत शिकायला एक संध्याकाळ पुरते. एका कडीत अंगठ्याचं टोक, दुसऱ्या कडीत अनामिका. अनामिकेकडचं पातं स्थिर राहतं, हलतो तो फक्त अंगठा. शिवणकामात दोन्ही पाती हलतात आणि कात्री पुढे सरकत जाते, ती सवय इथे सोडावी लागते. हवेत, मग जुन्या ब्रशच्या केसांवर सराव करावा. स्थिर पातं थरथरत नाही असं दिसलं की अण्णांना बसवायला हरकत नाही.

केस ओले करावेत, पण चिंब नाहीत. फवाऱ्याच्या बाटलीने दमट करून विंचरले की पुरे. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो, त्यामुळे ओल्या केसांवर बेतलेली लांबी वाळल्यावर आखूड दिसते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एक सेंटिमीटर जास्त कापलं तर महिनाभर तेच बघत बसावं लागतं, म्हणून पहिल्या फेरीत हवं त्यापेक्षा थोडं लांबच ठेवावं.

सुरुवात कुठून करायची? सलूनवाले आपापल्या सवयीने करतात. घरी मात्र मान आणि कान आधी, टाळू आणि कपाळ शेवटी. अण्णांना टोचतात ते मानेवरचे आणि कानांवरचे केस. अण्णा मध्येच थकले, त्यांना लघवीला जायचं झालं किंवा नुसता कंटाळा आला, तर तिथे थांबता येतं. वरचे केस उद्या कापले तरी बिघडत नाही. एका बैठकीला वीस मिनिटं पुष्कळ झाली.

मूळ तंत्र एकच आहे: कंगव्यावरची कात्री. मानेच्या खालच्या कडेपाशी कंगवा दात वरच्या दिशेला करून केसांत घालावा, त्वचेला चपटा टेकवून वर सरकवावा, आणि मग त्याची वरची कड त्वचेपासून थोडी दूर कलती करावी. कंगव्याच्या दातांमधून जे केस बाहेर डोकावतात तेवढेच कापायचे. कात्रीचं स्थिर पातं कंगव्याला लागून, त्याला समांतर. कापलं की कंगवा अर्धा बोट वर, पुन्हा कापायचं, पुन्हा वर. जसजसं वर जावं तसतसा कंगवा त्वचेपासून थोडा जास्त दूर ठेवावा, म्हणजे खाली आखूड आणि वर लांब असा उतार आपोआप येतो. या सगळ्यात कात्री आणि कातडी यांच्यामध्ये कायम कंगवा राहतो. नवख्या हाताला याहून चांगलं संरक्षण नाही. कंगव्याशिवाय थेट त्वचेलगत कात्री चालवायचा मोह कडेची रेघ कापताना होतो, तिथेच चिरा पडतात.

डोकं थरथरत असेल तर? मग हात हवेत ठेवून चालणार नाही. कंगवा धरलेल्या हाताची करंगळी डोक्यावर हलकी टेकवावी, आणि कात्रीवाल्या हाताची करंगळी कंगवा धरलेल्या हातावर. डोकं हललं की दोन्ही हात त्याच्यासोबत हलतात, आणि केस व पातं यांच्यातलं अंतर बदलत नाही. भिंगरीसारखं मागे-पुढे करून हलतं डोकं पकडायचा प्रयत्न करणारे थकतात आणि थकवतात.

कानापाशी छोटी कात्री घ्यावी. मोकळ्या हाताने कानाची पाळी पुढे दुमडून बोटांच्या आत झाकावी, आणि कात्रीची टोकं कानापासून लांबच्या दिशेला राहतील अशी धरावीत. सत्तरी-ऐंशीतली कातडी पातळ असते, तरण्या माणसाला ओरखडाही न उमटेल एवढ्या धक्क्याने ती फाटते. म्हणून कल्ले आणि मानेची कड साफ करायला वस्तरा नको. तिथे छोटं ट्रिमर बरं. ते आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावं, कारण थोडा वेळ चालल्यावर त्याचं पातं तापतं. घरी ऑक्सिजन चालू असेल तर विजेचं यंत्र टाळून कात्रीवरच भागवावं.

टाळूवरचे विरळ केस कंगव्यावर फारसे येत नाहीत. ते दोन बोटांमध्ये चिमटीत वर उचलावेत आणि बोटांच्या वर निघालेली टोकं, तीही अर्ध्या बोटापेक्षा कमीच, छाटावीत. भोवरा असेल तिथले केस सगळ्यांत लांब ठेवावेत, नाहीतर ते उभे राहतात. विरळ पांढऱ्या केसांत कात्रीच्या सरळ कापाच्या पायऱ्या लगेच दिसतात. पायऱ्या दिसल्याच तर आणखी आखूड करत जाऊ नये. कात्री उभी धरून फक्त टोकांनी पायरीच्या कडेवर दोन-चार हलके काप मारले की ती विरघळते. भुवयांचे लांब केस कंगव्यावर उचलून, अण्णांना डोळे मिटायला सांगून छाटावेत. नाकातले केस उपटू नयेत.

चीर पडलीच, तर गडबड करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोट्या चिरेतूनही बराच वेळ रक्त येतं, ते बघून घर हादरतं. स्वच्छ गॉझ किंवा रुमाल जखमेवर दाबून धरावा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबूनच ठेवावा. दर मिनिटाला उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. एवढं करूनही वाहत राहिलं तर डॉक्टरांकडे जावं. कटिंग करायची आहे म्हणून आदल्या दिवशी ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं मात्र चिरेपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

कापून झालं की आधी जमीन झाडायची, मग अण्णांना उठवायचं. फरशीवर पडलेले केस निसरडे असतात. कापड चारही कडा आत घेऊन उचलावं, मान मऊ ब्रशने किंवा कोरड्या रुमालाने झाडावी, श्रवणयंत्र आणि चष्मा परत द्यावा. वीस मिनिटं एका जागी बसून एकदम उठलं की म्हातारपणी रक्तदाब खाली येतो आणि भोवळ येते. म्हणून बसल्या बसल्या पावलं खाली-वर करायला लावावीत, एक-दोन मिनिटं तसंच बसू द्यावं, मग मजबूत बाजूने आधार देऊन उभं करावं. आरसा मात्र उठण्याआधीच हातात द्यावा. भांग कुठला, उजवा की डावा, हे अण्णांनीच ठरवायचं असतं.

आईच्या केसांची गोष्ट वेगळी आहे. तंत्र सोपं: वेणी सुटी करून, दमट करून, खालून थोडी सरळ रेघ. अवघड आहे तो निर्णय. खांदा आखडला, बोटं वाकली, की तिला स्वतःची वेणी घालता येत नाही, केसांत गुंता होतो, आणि सून किंवा लेक म्हणते, "आई, आखूडच करून टाकूया ना." आखूड केसांना आपल्याकडे एक जुनी सावली आहे. विधवांच्या केशवपनाची प्रथा महाराष्ट्रात इतकी रुजलेली होती की १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार देत संप केला होता. आज नव्वदीत असलेल्या बाईने लहानपणी घरात अशी आजी किंवा आत्या पाहिलेली असू शकते. त्यामुळे ती नाही म्हणाली तर त्यामागे निव्वळ हट्ट आहे असं समजू नये. एकदम मानेपर्यंत कापण्याऐवजी आधी अंबाडा बसेल एवढी, म्हणजे खांद्याच्या थोडी खाली लांबी ठेवावी. दोन महिन्यांनी तीच म्हणेल तर आणखी. गुंता कापायच्या आधी तेल लावून, खालच्या टोकापासून वर असा बोटांनी सोडवून बघावा, मुळाशी केस दुसऱ्या हाताने धरून ठेवावेत म्हणजे टाळू ओढली जात नाही. तिच्या होकाराशिवाय वेणीला कात्री लावू नये, भले ती झोपलेली असताना सोपं जाईल.

जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्यासाठी बैठक बदलते. डोक्याकडची बाजू उशांनी शक्य तेवढी उंच करून पुढचे आणि बाजूचे केस आज, कुशीवर वळवून मागचे उद्या. उशीवर आधी प्लास्टिक आणि त्यावर सुती कापड घालावं. लांबी सगळीकडे एकसारखी येणार नाही, येऊ नये असंही नाही. कान मोकळे आणि मान मोकळी झाली की हेतू साधला.

हे सगळं वाचून ज्यांना आपला हात धजणार नाही असं वाटतं, त्यांनी अण्णा ज्या सलूनमध्ये वर्षानुवर्षं जात होते तिथल्याच कारागिराला घरी बोलवावं. त्याचा निम्मा दिवस मोडणार असेल तर तसे पैसे द्यावेत. तो आल्यावर मात्र चार गोष्टी आधी सांगाव्यात: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, वस्तरा नको, मान मागे नको, आणि मानेला शेवटी देतात तो झटका तर अजिबात नको. खुर्ची आणि कापड आपण मांडून ठेवावं, आणि कटिंग संपेपर्यंत घरातल्या एकाने समोर बसावं.